स्टार्टअपचे शेअर की जास्तीचा पगार: एका ऑप्शनमागे आपण किती मोजतोय ते काढा

माझ्या मावसबहिणीच्या हातात एकाच आठवड्यात दोन ऑफर आल्या. एक जुनी, स्थिरावलेली कंपनी होती. तिथे वर्षाला 30 लाख पगार आणि वर 2 लाखांच्या आसपास बोनस मिळणार होता. दुसरीकडे 60-70 माणसांचा स्टार्टअप होता, पगार 22 लाख आणि सोबत 20,000 ऑप्शन. ऑफर लेटरच्या खाली एचआरने एक ओळ जोडली होती: ‘आजच्या भावाने या ऑप्शनची किंमत 40 लाख.’ तिने मला फोन केला. ‘दादा, पगारात वर्षाला दहा लाखांचा फरक आहे, चार वर्षांचे चाळीस लाख होतात. आणि इथे चाळीस लाखांचे शेअर देतायत. म्हणजे फिटंफाट झाली ना?’

फिटंफाट झालेली नव्हती. पण तिने चाळीस लाख आणि चाळीस लाख शेजारी ठेवून पाहिले, ही सुरुवात अगदी बरोबर होती. पहिल्यांदाच अशी ऑफर आलेल्या बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून तिच्याबरोबर कागदावर केलेला हिशोब इथे जसाच्या तसा देतो. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच.

आधी ऑप्शन म्हणजे नक्की काय

ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा तो हक्क असतो. त्या ठरलेल्या भावाला स्ट्राइक प्राइस म्हणतात. बहिणीच्या बाबतीत तो 40 होता. म्हणजे 20,000 शेअर हातात घ्यायचे तर तिला आधी खिशातून 8 लाख भरावे लागणार. एचआरच्या ओळीत हे 8 लाख वजा केलेलेच नव्हते. त्यांनी शेवटच्या फंडिंग राउंडचा, म्हणजे गुंतवणूकदारांनी शेवटचे पैसे घातले तेव्हाचा, भाव 200 धरला, 20,000 ने गुणला आणि 40 लाख लिहिले. स्ट्राइक वजा केला की त्याच कागदावर 32 लाख उरतात.

हे ऑप्शन एकदम मिळत नाहीत. सर्रास दिसणारी पद्धत चार वर्षांची. पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही, त्याला क्लिफ म्हणतात. वर्ष भरलं की चौथा हिस्सा आपला होतो आणि उरलेले दर महिन्याला किंवा दर तिमाहीला थोडे थोडे आपल्या नावावर होतात. अकराव्या महिन्यात नोकरी सोडली किंवा सुटली, तर अकरा महिने कमी पगारावर काम केलं ते केलं, हातात एकही ऑप्शन येत नाही.

पायरी पहिली: फरक काढा, तोही खरा

दोन्हीकडचं पक्कं येणारं सगळं धरा. स्थिर कंपनीचा पगार, बोनस, आणि ती शेअर बाजारात नोंदलेली असून तिथले शेअर मिळणार असतील तर तेही, कारण ते हातात आले की विकता येतात. मात्र बोनस ‘कमाल किती’ हा आकडा धरू नका. तिथल्या एखाद्या माणसाला विचारा की गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्षात किती मिळाला. बहिणीला 2 लाख हा आकडा असाच कळला. लेटरमध्ये ‘3 लाखांपर्यंत’ असं होतं.

तर 32 आणि 22, फरक वर्षाला 10 लाख, चार वर्षांत 40 लाख. हे 40 लाख तुम्ही स्टार्टअपमध्ये गुंतवताय. चेक फाडत नसलात तरी ही गुंतवणूकच आहे आणि तिच्याकडे त्याच नजरेने पाहायचं.

पायरी दुसरी: एका ऑप्शनला किती पडले

हा या सगळ्या लेखाचा गाभा आहे. चार वर्षांचा फरक भागिले ऑप्शनची संख्या:

40 लाख ÷ 20,000 = 200

म्हणजे एक ऑप्शन मिळवायला बहीण 200 मोजणार. त्यात शेअर घेताना भरायचे 40 मिळवा. एक शेअर तिला 240 ला पडला.

आता हा आकडा शेवटच्या राउंडच्या भावाशेजारी ठेवा. गुंतवणूकदाराने तोच शेअर 200 ला घेतला होता. आणि त्याचा शेअर प्रेफर्ड प्रकारचा, म्हणजे कंपनी विकली गेली तर त्याचे पैसे आधी परत मिळणार. बहिणीचा कॉमन शेअर, रांगेत मागे उभा राहणारा. चांगल्या मालाला तो 200 देतो आणि साध्या मालाला ही 240 देते. हे कळल्यावर ती फोनवर बराच वेळ काही बोलली नाही.

करांचं काय, असा प्रश्न येईल. पगारावरही कर आहे आणि ऑप्शनच्या नफ्यावरही. दर फार वेगळे नसतील तर पहिल्या अंदाजात दोन्ही बाजू करापूर्वीच्या आकड्यांत धरल्या तरी तुलना बिघडत नाही. ऑप्शनवर कर कधी आणि कसा लागतो हे मात्र देशागणिक बदलतं. सही करण्याआधी तेवढ्यापुरता जाणकाराचा सल्ला घ्या.

एक गोष्ट तिच्या बाजूचीही आहे. गुंतवणूकदार सगळे पैसे पहिल्या दिवशी देतो. नोकरदार माणूस महिन्याच्या महिन्याला देतो आणि वर्षभराने कंपनीचा रंग बरा दिसला नाही तर थांबू शकतो. ही सवलत खरी आहे, तिला किंमत आहे. पण ती वापरायची तयारी हवी. मी पाहिलेली बरीचशी माणसं ‘आता इतके दिवस काढलेच आहेत तर’ म्हणून अडकून राहतात.

पायरी तिसरी: बरोबरी व्हायला कंपनी केवढी व्हावी लागेल

शेअरला 240 मिळाले की बहीण जेमतेम बरोबरीत येते. म्हणजे कंपनी केवढ्याला विकली जायला हवी? त्यासाठी एकूण शेअर किती ते हवं, आणि तेही सगळं धरून: वाटलेले शेअर, दिलेले ऑप्शन, अजून द्यायचे राखून ठेवलेले ऑप्शन. हा आकडा तिच्या लेटरमध्ये नव्हता. मागितल्यावर मिळाला: 1 कोटी.

म्हणजे 20,000 ऑप्शन म्हणजे 0.2 टक्के. आणि 200 च्या भावाने कंपनीचं मूल्य 200 कोटी. एकूण आकडा कळल्याशिवाय ‘20,000’ या संख्येला काहीही अर्थ नाही. एकूण दहा लाख शेअर असते तर तेच 2 टक्के झाले असते, दहा कोटी असते तर 0.02 टक्के.

पुढच्या राउंडमध्ये नवे शेअर काढले जातात आणि आपला टक्का कमी होतो. प्रत्येक राउंडला कंपनीचा पाचवा हिस्सा नव्या गुंतवणूकदाराला जातो असं धरून आम्ही दोन राउंड मांडले. 1 कोटी शेअरचे साधारण 1 कोटी 56 लाख झाले. 240 ने गुणले की 375 कोटी. म्हणजे आज 200 कोटींची असलेली कंपनी 375 कोटींना विकली गेली, बहीण पूर्ण चार वर्षं टिकली, आणि मध्ये काही वाकडं झालं नाही, तर ती बरोबरीत. फायद्यात नव्हे, बरोबरीत.

आणि बरोबरी पुरेशी नाही, कारण हे होईलच असं नाही. तुमच्या मनाने शक्यता किती ते प्रामाणिकपणे ठरवा. बहीण म्हणाली, पाचात एक. बाकीच्या चार वेळा शून्य येणार असेल, तर त्या एका वेळी ऑप्शनमागे 200 नव्हे, 1,000 सुटायला हवेत. स्ट्राइक धरून शेअरचा भाव 1,040 आणि कंपनी 1,625 कोटींची. मग प्रश्न सोपा होतो: ही कंपनी आठपट होईल असं मला का वाटतं? बाजारपेठ केवढी आहे, गिऱ्हाईक पैसे देतंय का, हे फाउंडरशी बोलताना याच आकड्याच्या संदर्भात विचारा.

पायरी चौथी: रांगेत आपल्या पुढे कोण

नवख्या माणसाला ही बाब माहीतच नसते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

गुंतवणूकदारांच्या करारात बहुधा एक अट असते. कंपनी विकली गेली तर त्यांनी घातलेली रक्कम आधी परत द्यायची. त्यांना दोनपैकी एक निवडता येतं: घातलेले पैसे परत घेणं किंवा आपल्या टक्क्याप्रमाणे वाटा घेणं. ज्यात जास्त मिळेल ते ते घेतात. विक्री मोठी झाली तर सगळे टक्क्याप्रमाणे वाटून घेतात आणि ही अट जाणवतसुद्धा नाही. विक्री मधल्यामध्ये झाली की तीच अट कर्मचाऱ्यांचा वाटा खाते.

बहिणीचंच उदाहरण पुढे नेऊ. आतापर्यंत कंपनीने 50 कोटी उभे केले होते. पुढच्या दोन राउंडमध्ये 60 आणि 90 कोटी आणखी येतील असं आम्ही धरलं. एकूण 200 कोटी. समजा नंतर धंदा मंदावला आणि कंपनी 250 कोटींना गेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, दोनशेची कंपनी अडीचशेला गेली, लोकांचं भलं झालं. आत काय होतं? सगळ्यांत वाटले तर शेअरला 160 येतात. प्रत्येक गुंतवणूकदाराने निदान 200 दिलेले, मग तो 160 का घेईल? सगळे आपापले पैसे परत मागतात. 200 कोटी तिथेच गेले. उरलेले 50 कोटी हे गुंतवणूकदारांचे शेअर सोडून राहिलेल्या 75 लाख कॉमन शेअरमध्ये वाटले जातात, शेअरला साधारण 67. त्यातून स्ट्राइकचे 40 गेले, उरले 27. गुणिले 20,000. म्हणजे 40 लाख सोडून दिलेल्या माणसाच्या हातात करापूर्वी साडेपाच लाखसुद्धा नाहीत.

(याच अटीमुळे वरचा 375 कोटींचा आकडाही प्रत्यक्षात थोडा वर, 390 कोटींच्या घरात जातो, कारण शेवटच्या राउंडवाला 288 देऊन आलेला असतो आणि 240 न घेता आपले 90 कोटी उचलतो.)

असं खरोखर घडतं. गुड टेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीचं मूल्य एके काळी 1 अब्ज डॉलरच्या वर धरलं जात होतं. 2015 मध्ये ब्लॅकबेरीने ती 42.5 कोटी डॉलरला घेतली. प्रेफर्ड शेअरला 3 डॉलरच्या आसपास मिळाले, कर्मचाऱ्यांच्या कॉमन शेअरला 44 सेंट. काहींनी आधीच्या चढ्या भावावर कर भरलेला होता, तोही गेला.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या: आतापर्यंत एकूण किती पैसे उभे केले, आणि गुंतवणूकदारांना घातलेल्या रकमेच्या एकपट परत मिळणार की जास्त. एकपट असेल तर रीतीप्रमाणे आहे. दुप्पट असेल, किंवा पैसे परत घेऊन वर टक्क्याप्रमाणेही वाटा मिळणार असेल, तर कंपनीने कधीतरी अडचणीत पैसे उचललेत असं समजा आणि ऑप्शनची किंमत बरीच खाली आणा.

पायरी पाचवी: सोडताना काय होतं

नोकरी सोडल्यावर नावावर झालेले ऑप्शन विकत घ्यायला मुदत असते. अनेक कंपन्यांत ती 90 दिवस आहे. त्यात पैसे भरले नाहीत तर ऑप्शन परत कंपनीकडे जातात.

मी स्वतः एका स्टार्टअपमधून तीन वर्षांनी बाहेर पडलो तेव्हा हे कलम पहिल्यांदा नीट वाचलं. शेअर घ्यायला पैसे हवे होते, आणि घेतल्यावर तेव्हाचा भाव आणि स्ट्राइक यांतल्या फरकावर कर, जो त्याच वर्षी भरायचा. शेअर मात्र विकता येणार नव्हते, कारण कंपनी बाजारात नव्हतीच. घरात नुकतंच आजारपण होऊन गेलं होतं, शिल्लक नव्हती. 90 व्या दिवशी तीन वर्षांचे ऑप्शन गेले. आजही ते लागतं, म्हणून हा मुद्दा मी कुणालाही वगळू देत नाही.

बहिणीसाठी आकडा काढला. दोन वर्षांनी सोडलं तर 10,000 ऑप्शन नावावर. 4 लाख शेअर घ्यायला. तेव्हा कॉमन शेअरचं अधिकृत मूल्य 120 ठरलं असेल, तर 80 चा फरक, 8 लाखांवर कर. दर 30 टक्के धरला तर 2 लाख 40 हजार. म्हणजे पुढे काय होणार ते माहीत नसलेल्या, न विकता येणाऱ्या कागदांसाठी तीन महिन्यांत 6 लाख 40 हजार रोख. काही ठिकाणी हा कर पुढे ढकलायची सोय असते, तुमच्याकडे आहे का ते पाहा.

ही मुदत वाढवून मागता येते. कंपनीला त्यासाठी लगेच काही खर्च येत नाही, त्यामुळे पगारापेक्षा इथे होकार मिळणं सोपं. काही कंपन्या आता काही वर्षांची मुदत देतात.

पायरी सहावी: प्रश्न लेखी विचारा

बहिणीने पाठवलेली मेल एवढीच होती:

‘ऑफरबद्दल आभार. निर्णय घेण्याआधी पुढची माहिती मिळाली तर बरं होईल. सर्व ऑप्शन धरून एकूण शेअर किती? स्ट्राइक प्राइस किती आणि शेवटच्या राउंडचा भाव किती? आतापर्यंत एकूण किती भांडवल उभं केलं आणि गुंतवणूकदारांना किती पट रक्कम आधी मिळते? नोकरी सोडल्यावर ऑप्शन घेण्याची मुदत किती? सध्याच्या खर्चाने हातातली रोकड किती महिने पुरेल?’

यात उद्धट असं काही नाही. चांगल्या फाउंडरला हे प्रश्न अपेक्षित असतात. तिला दोन दिवसांत उत्तरं आली: एकपट परतावा, 90 दिवस, रोकड 20 महिने. एकूण शेअर सांगायला कुणी टाळाटाळ करत असेल, ‘विश्वास ठेवा, पुढे मोठं होणार आहे’ असं म्हणत असेल, तर ऑप्शनची किंमत शून्य धरा आणि फक्त 22 लाखांत ते काम करायला आवडेल का ते बघा. रोकड वर्षभरापेक्षा कमी पुरणार असेल, तर क्लिफ येण्याआधीच कंपनी पैशांच्या शोधात असेल, हेही मनात धरा.

आता बोलणी

हिशोब हातात असला की बोलणी सोपी होतात, कारण येणारा प्रत्येक प्रस्ताव त्याच एका आकड्यात बसवता येतो. कंपनी आधी म्हणाली, 26 लाख घे, ऑप्शन 10,000. ऐकायला बरं वाटतं. फरक वर्षाला 6 लाख, चार वर्षांत 24, भागिले 10,000 म्हणजे 240, अधिक 40, म्हणजे 280. शेअर आणखी महाग पडला. जोखमीतली रक्कम कमी झाली हे खरं, पण सौदा वाईट झाला. तिने 25 लाख आणि तेच 20,000 मागितले: 28 लाख भागिले 20,000, 140 अधिक 40, 180. शेवटी ठरलं 25 लाख, 18,000 ऑप्शन आणि सोडल्यावरची मुदत दोन वर्षं. शेअर 196 ला पडला. गुंतवणूकदाराच्या 200 च्या किंचित खाली.

माझं मत विचाराल तर कॉमन शेअरला 196 अजूनही महागच आहे. मी 150 च्या आत आल्याशिवाय नुसत्या पैशांसाठी गेलो नसतो. पण इथे दुसरा एक हिशोब होता. 25 लाखांत तिचं घरभाडं, कर्जाचा हप्ता आणि आईकडे पाठवायचे पैसे भागून थोडी बचतही होत होती, ऑप्शन शून्य झाले तरी. 22 लाखांत बचत होत नव्हती. आणि त्या टीममध्ये तिला संपूर्ण पेमेंट सिस्टिम पहिल्यापासून उभारायला मिळणार होती. स्थिर कंपनीत आठ जणांच्या गटात एका भागाची देखभाल होती. याला ती वर्षाला किती द्यायला तयार आहे, असं मी विचारलं. म्हणाली, दोन लाख. म्हणजे 7 लाखांच्या फरकातले 2 लाख कामाच्या अनुभवाचे, 5 लाख ऑप्शनचे. 20 लाख भागिले 18,000, साधारण 111, अधिक 40. 151. एवढं मला पटलं. ‘शिकायला मिळेल’ हे नुसतं म्हणू नका, त्याचा आकडा लिहा. नाहीतर त्या एका शब्दाखाली कितीही मोठा फरक झाकला जातो.

सही केल्यावरची एक गोष्ट

ऑफर लेटरमध्ये बारीक अक्षरात बहुधा असं असतं की ऑप्शन बोर्डाच्या मंजुरीनंतर दिले जातील. म्हणजे सही केली त्या दिवशी ऑप्शन मिळालेले नसतात, आणि स्ट्राइक प्राइसही बोर्ड मंजुरी देतं त्या दिवशीच्या मूल्यावर ठरते. मंजुरी लांबली आणि मध्ये नवा राउंड झाला तर 40 चे 90 होऊ शकतात. तिच्या 18,000 ऑप्शनवर ते 9 लाखांचं नुकसान झालं असतं. म्हणून पुढची बोर्ड मीटिंग कधी आहे आणि आपलं नाव त्यात आहे का, हे रुजू होतानाच विचारा. व्हेस्टिंग, म्हणजे ऑप्शन टप्प्याटप्प्याने नावावर होणं, रुजू झाल्या तारखेपासून मोजलं जाणार, मंजुरीच्या तारखेपासून नव्हे, हेही लिहून घ्या.

बहिणीने पहिल्याच दिवशी विचारलं. मीटिंग पाच आठवड्यांनी होती. सहाव्या आठवड्यात तिने मला ग्रँट लेटरचा फोटो पाठवला: 18,000, स्ट्राइक 40, सोडल्यावर 24 महिने. क्लिफची तारीख तिने पेन्सिलीने गोल केली होती.